पूल तपासणीची मराठी पुस्तिका: प्रीस्ट्रेसिंग, एक्स्पान्शन जॉइंट, पिअर आणि बेअरिंग पॅड कसे लिहावेत

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात कनिष्ठ अभियंता आहे. आमच्या उपविभागातल्या पुलांच्या तपासणीसाठी मराठी पुस्तिका करायचं काम माझ्याकडे आलंय. ती शाखा अभियंत्यांपासून मुकादम, मैलकुलींपर्यंत सगळे वापरणार. मसुद्यात मी पूर्वप्रतिबलन, प्रसरण सांधा, आधारस्तंभ, आधारगादी असे शब्द घेतलेत. ते ठेवू, की इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहू?

उत्तर:

भागांची नावं साइटवर जी चालतात तीच ठेवा: पिअर, पिअर कॅप, गर्डर, बेअरिंग, एक्स्पान्शन जॉइंट, प्रीस्ट्रेसिंग. मराठीची खरी गरज आहे ती त्या भागाला काय झालंय हे सांगणाऱ्या शब्दांना. झुकला, सरकला, फुगला, तडकला, चोंदला, गळतोय, पोपडे सुटले. हे शब्द तुमच्या मैलकुलीकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहेत, आणि तपासणीची सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. तुमच्या मसुद्यात उलटं झालंय असं मला वाटतं. भागांची नावं संस्कृतात गेली आहेत आणि दोषांसाठी ‘विस्थापन’, ‘विरूपण’, ‘ऱ्हास’ असे कोणत्याही दोषाला लागू पडतील असे ढोबळ शब्द आले आहेत.

एक्स्पान्शन जॉइंटपासून सुरू करतो, कारण शब्द चुकला की पुलाला प्रत्यक्ष इजा होते ती इथे.

‘प्रसरण सांधा’ व्याकरणानं बरोबर आहे, पुस्तकांतही आहे. पण गवंडीकामात सांधा ही भरायची गोष्ट आहे. विटांचे सांधे भरतात, फरशीचे सांधे भरतात, दगडी मोरीचे सांधे सिमेंटनं भरतात. ज्याचा हात त्या कामावर बसलाय त्याला ‘सांधा’ शब्दातूनच पुढची सूचना ऐकू येते. तुमच्या मसुद्यातल्या तक्त्यात रकाना असा असेल: ‘प्रसरण सांधा: भरलेला / उघडा’. मुकादम ‘भरलेला’वर बरोबरची खूण करील आणि काम चांगलं आहे असं समजून पुढे जाईल. विचारलंत तर सांगेल, “साहेब, सांधा तं मागच्या सालीच भरून टाकला न.” इथे मात्र भरलेला असणं हाच दोष आहे.

तो किती मोठा दोष आहे, हे एका पुलावर आकडे घालून पाहू. विदर्भात नाल्यांवर सर्रास दिसतो तसा पूल घ्या: २५ मीटरचे तीन गाळे, प्रत्येक गाळ्याचे गर्डर दोन्ही टोकांना रबरी बेअरिंग पॅडवर टेकलेले. दोन टोकांना अबटमेंट, त्यांना ए-१ आणि ए-२ म्हणू. मधले पिअर पी-१ आणि पी-२. चारही ठिकाणी फट ठेवलेली आहे. काँक्रीट तापमानाच्या एका अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत स्लॅब-गर्डरच्या सरासरी तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर २५ मीटरचा गाळा २५ × ०.०१२ × ३० म्हणजे ९ मिलिमीटर वाढणार. पॅड दोन्ही टोकांना सारखे असल्यानं निम्मी वाढ एका बाजूला, निम्मी दुसऱ्या. म्हणून अबटमेंटजवळची फट साडेचार मिलिमीटर मिटायला हवी, आणि पिअरवरची, जिथे दोन गाळ्यांची टोकं समोरासमोर येतात, ती ९ मिलिमीटर.

आता समजा डिसेंबरात पहाटे मोजलेल्या फटी ए-१ ला २२, पी-१ ला ४०, पी-२ ला ४० आणि ए-२ ला २२ मिलिमीटर होत्या. मे महिन्यात दुपारी मोजल्या तर १८, २७, ३९ आणि १३ आल्या. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर कुणाला काही खटकणार नाही. फरक काढा: ४, १३, १ आणि ९. बेरीज २७, म्हणजे तिन्ही गाळे मिळून जितके वाढायला हवे होते तितकेच वाढले. फक्त पी-२ वरची फट मिटलीच नाही. तिथे डांबरी थर टाकताना गिट्टी आणि डांबर आत गेलंय, त्यावर माती बसून ते दगडासारखं घट्ट झालंय. मग दुसरा गाळा आपली जवळजवळ सगळी वाढ पी-१ कडे ढकलतो आणि तिसरा गाळा ए-२ कडे.

एका उन्हाळ्यात यानं पूल पडत नाही. पण हिवाळ्यात गाळे आखडले की पी-२ ची फट पुन्हा उघडते आणि वरून आणखी रेती, गिट्टी तिच्यात पडते. पुढच्या उन्हाळ्यात मिटायला जागा आणखी कमी. असं करत तिसरा गाळा दर वर्षी थोडा थोडा ए-२ कडे सरकत जातो. तिथे मे महिन्यात १३ मिलिमीटरच जागा उरलीय. ती संपली की गर्डर-स्लॅबचं टोक अबटमेंटच्या मातीरोधक भिंतीवर, म्हणजे साइटवर ज्याला डर्ट वॉल म्हणतात तिच्यावर, दाबायला लागतं. भिंतीला आडवी भेग पडते आणि तपासणारा लिहितो, ‘भरावाच्या दाबानं भिंत तडकली’. खरं कारण २५ मीटर लांब, पी-२ वरच्या, कुणी पाहतच नाही अशा फटीत असतं. वेळेत कळलं तर इलाज मात्र स्वस्त आहे: फट साफ करायची, रबर सील नवा घालायचा आणि पुढच्या वेळी डांबरी थर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना थांबवायचा.

म्हणून पुस्तिकेत एका ‘सांध्या’चे तीन वेगळे शब्द करा. एक ‘फट’, म्हणजे दोन गाळ्यांमध्ये हलायला ठेवलेली मोकळी जागा. दुसरा ‘रबर सील’, जो त्या फटीतून पाणी खाली जाऊ देत नाही. तिसरा ‘कडेचं लोखंड’, म्हणजे सील ज्यात बसतो ते चॅनेल किंवा जुन्या पुलांवरचे अँगल. तिघांना मिळून एक्स्पान्शन जॉइंट म्हणा. मग रकाने आपोआप सुटे होतात: फट मोकळी की चोंदलेली, सील शाबूत की फाटलेला, लोखंड घट्ट की गाडी गेल्यावर वाजतं. ‘भरणे’ हे क्रियापद या पानावर येऊच देऊ नका. ओतकाम एक दिवस थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू केल्याची जी रेघ दिसते तिला ‘ओतकामाचा जोड’ म्हणा, जॉइंट नको. ती रेघ हलायची नसते आणि तिच्यातून पाणी झिरपत असेल तर ती खरोखरच बंद करायची असते. एका शब्दानं दोन्ही गेले तर एकाची दुरुस्ती दुसऱ्यावर होते.

फटीच्या मोजमापाबरोबर तारीख, वेळ आणि तापमान लिहायला जागा ठेवा. ते नसेल तर वरचा सगळा हिशेब करताच येत नाही. मोजायचं दर वेळी त्याच ठिकाणी, कठड्याजवळ दोन्ही बाजूंना आणि मध्ये. जागेवर रंगाची खूण करून ठेवा.

आता बेअरिंग पॅड. ‘आधारगादी’ ऐकायला छान आहे, पण तुमच्या मसुद्यात आधारस्तंभ, अंत्याधार, आधारगादी आणि नुसता ‘आधार’ असे चार भाग एकाच शब्दातून निघाले आहेत. पावसात, चिखलात उभा राहून लिहिणारा माणूस शब्द छोटा करतो. वहीत नोंद येते: ‘दुसऱ्या आधाराला भेग’. पिअरला भेग असेल तर ती कुठे आणि कोणत्या दिशेला हे पाहावं लागतं. पिअर कॅपला गर्डरखाली भेग असेल तर ती जास्त काळजीची. पॅडच्या रबराला भेग असेल तर तो वयाचा किंवा मालाच्या दर्जाचा प्रश्न. तिन्हींसाठी माणूस वेगळा, सामान वेगळं. कार्यालयात बसून त्या नोंदीवरून अंदाजपत्रक करणं शक्यच नाही.

यंत्रातल्या बेअरिंगला पुस्तकी मराठीत ‘धारवा’ म्हणतात. तो शब्दही इथे नको, साइटवर तो कुणी वापरत नाही. मात्र नुसतं ‘बेअरिंग’ म्हटलं तर गावाकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरचं किंवा मोटरपंपाचं गोल बेअरिंग येतं. म्हणून पहिल्यांदा ‘गर्डरखालचा रबरी बेअरिंग पॅड’ असं पूर्ण लिहा, शेजारी चित्र द्या आणि पुढे ‘रबरी पॅड’ म्हणत राहा. ठेकेदाराची माणसं त्याला ‘निओप्रीन’ म्हणतात, ते नावही एकदा नोंदवून टाका. जुन्या पुलांवर लोखंडी बेअरिंग असतात, रॉकर किंवा रोलर. त्यांचं पान वेगळं करा. तिथे गंज आणि ग्रीस पाहायचं असतं. रबरी पॅडवर ग्रीस लागलं तर उलट नुकसान.

पॅडच्या पानावर सर्वांत जपून लिहायची गोष्ट म्हणजे झुकणं आणि सरकणं यांतला फरक. मसुद्यात दोन्हींना ‘विस्थापन’ लिहिलंय. (आपल्याकडे विस्थापन म्हटलं की गोसीखुर्दचे प्रकल्पग्रस्त आठवतात, रबराचा तुकडा नाही.) पॅड खाली पेडेस्टलला आणि वर गर्डरला धरून बसलेला असतो. गर्डर वाढला-आखडला की पॅडची वरची बाजू त्याच्याबरोबर जाते, खालची जागेवर राहते, आणि पॅड बाजूनं पाहिला तर तिरका दिसतो. हे झुकणं म्हणजे पॅडचं रोजचं काम आहे. सरकणं वेगळं: अख्खा पॅड पेडेस्टलवरून बाहेर येऊ लागतो, आणि गर्डरचा भार त्याच्या उरलेल्या भागावर पडतो. झुकणं मोजून ठेवायचं, सरकणं त्याच दिवशी वर कळवायचं.

मोजायला गवंड्याचा गुण्या पुरतो. गुण्याची एक बाजू पेडेस्टलवर टेकवायची, उभी बाजू पॅडच्या खालच्या कडेला लावायची आणि वरची कड किती मिलिमीटर पुढे किंवा मागे आहे ते पट्टीनं पाहायचं. पॅडच्या आत लोखंडी पत्रे असतात, त्यांची जाडी वगळून नुसत्या रबराची एकूण जाडी नकाशातून घ्यायची. झुकणं त्या जाडीच्या ०.७ पटीपेक्षा जास्त नसावं, ही इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेतली मर्यादा आहे. रबर ४० मिलिमीटर असेल तर २८. मैलकुलीला ०.७ चा गुणाकार सांगायची गरज नाही. ‘पॅडच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त तिरका दिसला तर कळवा’ एवढं पुरे, पुढचं अभियंता पाहील. सरकणं ओळखायला तर मोजमापही नको. पेडेस्टलवर पॅडच्या चारही बाजूंनी पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवा. पुढच्या तपासणीत पॅड रेघेबाहेर दिसला की नोंद.

‘फुगवटा’ हा शब्दही नुसता टाकू नका. आतल्या पत्र्यांच्या मधला रबर भारानं थोडा बाहेर येतोच, आणि सगळ्या थरांत तो सारखा असेल तर त्यात काही वावगं नाही. एकाच बाजूला जास्त, एकाच थरात जास्त, किंवा फुगून चिरलेला आणि आतला पत्रा दिसणारा, असं असेल तर दोष. पॅडच्या फोटोत गर्डरचा तळ आणि पेडेस्टल दोन्ही यावेत असंही लिहा. नुसत्या काळ्या रबराच्या फोटोतून काहीच कळत नाही.

प्रीस्ट्रेसिंगला ‘पूर्वप्रतिबलन’ म्हणणं चूक नाही. स्ट्रेसला शास्त्रीय मराठीत प्रतिबल म्हणतात, त्यावरून तो शब्द नीट तयार झालाय. पण हा शब्द वाचून गर्डरकडे कसं पाहायचं ते कळत नाही. काही जण सोपं म्हणून ‘पूर्वताण’ लिहितात, त्यात दोन अडचणी आहेत. प्रीस्ट्रेसिंगचे दोन प्रकार आहेत: केबल आधी ताणून मग काँक्रीट ओतायचं, किंवा काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यातल्या नळीतून घातलेली केबल जॅकनं ओढायची. दोन्ही मिळून जे आहे त्यालाच ‘पूर्वताण’ म्हटलं तर पहिल्या प्रकाराला नाव उरत नाही आणि दुसरा होतो ‘नंतर ताणलेला पूर्वताण’. दुसरी अडचण अशी की ताण केबलमध्ये असतो, काँक्रीटमध्ये असतो दाब, आणि तपासणीत आपल्याला काँक्रीटच दिसतं. मी असं लिहीन: ‘प्रीस्ट्रेस गर्डर: ज्याच्या आत पोलादी केबल ओढून काँक्रीट आधीपासून दाबून ठेवलंय असा गर्डर.’ साइटवर ‘केबल ओढणे’ आणि ‘स्ट्रेसिंग’ सर्रास म्हणतात, त्यामुळे हे वाक्य लगेच पोचतं.

‘दाबून ठेवलंय’ हा शब्द व्याख्येत असण्याचं कारण भेगेशी जोडलेलं आहे. साध्या आरसीसी गर्डरच्या तळाला, गाळ्याच्या मध्यावर केसासारख्या उभ्या भेगा दिसतात. तिथलं लोखंड काम करायला लागलं की काँक्रीट थोडं तडकतंच, आणि ०.३ मिलिमीटरपर्यंतची रुंदी साधारणपणे चालवून घेतात. नोंद करायची, रुंदी मोजायची, लक्ष ठेवायचं. प्रीस्ट्रेस गर्डरच्या तळाला मात्र तशीच केसभर उभी भेग दिसली तर तिचा अर्थ दाब कमी झालाय. रुंदी किती हा प्रश्न नंतरचा, आधी कार्यालयाला फोन. म्हणजे एकाच दिसणाऱ्या भेगेला दोन गर्डरांवर दोन वेगळ्या सूचना लागतात, आणि पुस्तिकेनं आधी गर्डर कोणता हे ओळखायला शिकवलं पाहिजे. नकाशा हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर गर्डरच्या टोकाशी पाहायचं: केबलची टोकं जिथे अडकवलेली असतात तिथे नंतर भरलेल्या काँक्रीटचे ठिगळासारखे चौकोन दिसू शकतात, आणि टोकाकडे गर्डरचा मधला पातळ भाग जाड केलेला असतो. लांब गाळा आणि आय आकाराचा गर्डर दिसला तर प्रीस्ट्रेस धरूनच तपासा.

प्रीस्ट्रेस गर्डरवर दुसरी पाहायची भेग केबलच्या वाटेनं जाणारी. केबल टोकांना उंच असते आणि मध्यावर खाली उतरते. गर्डरच्या अंगावर त्याच झोळासारख्या वाटेनं बारीक भेग, पांढरे ओघळ किंवा तांबूस डाग दिसले तर नळीतलं ग्राउट अपुरं राहून आत पाणी गेल्याची शंका घ्यायची. हे पाणी बऱ्याचदा येतं कुठून? वरच्या फाटलेल्या रबर सीलमधून. ते थेट गर्डरच्या टोकावर, केबल जिथे अडकवली आहे तिथे आणि खाली पॅडवर पडतं. म्हणून जॉइंट, गर्डरचं टोक आणि पॅड ही तीन पानं एकामागोमाग ठेवा आणि तपासणारा पी-१ च्या वर जॉइंट पाहून लगेच खाली उतरून पी-१ चे पॅड पाहील असा क्रम लावा. आधी अख्खा पूल वरून आणि मग अख्खा खालून असं नको.

याच पानावर ठळक अक्षरांत एक सूचना हवी: प्रीस्ट्रेस गर्डरला भोक पाडायचं नाही, छिन्नी लावायची नाही. नळयोजनेचा पाइप किंवा तार न्यायला गर्डरला ड्रिलनं ब्रॅकेट ठोकतात. आत केबल कुठे आहे हे त्या माणसाला माहीत नसतं. असं ब्रॅकेट दिसलं तर ते दोष म्हणून नोंदवायचं, भेग असो वा नसो.

पिअरबद्दल फार लिहायला नको. पिअर हाच शब्द ठेवा, लोक ‘पिल्लर’ म्हणतात तेही नोंदवा. ‘खांब’ टाळा, कारण पुलावर विजेचे खांबही असतात. ‘पाया’ फक्त जमिनीखालच्या भागाला. ‘पायाजवळ खड्डा’ आणि ‘पाया उघडा पडला’ या दोन वेगळ्या नोंदी ठेवा, दुसरी जास्त गंभीर. पुरानंतर खड्ड्यात गाळ, रेती पुन्हा भरून येते आणि वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून पाणी ओसरल्यावर लगेच बांबू किंवा सळई खुपसून खोली पाहायची, असं त्याच पानावर लिहा. क्रमांक कोणत्या गावाकडून सुरू होतो हे पहिल्या पानावर लिहा आणि पिअरवर रंगवा. डावा-उजवा काठ पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरवायचा. हे लिहिलं नाही तर दोन माणसांच्या नोंदींत पी-१ आणि पी-२ ची अदलाबदल होते आणि वरच्यासारखा फटींचा हिशेब तिथेच बिघडतो.

अंदाजपत्रकं आणि संहिता इंग्रजीत असतात, तेव्हा शेवटच्या पानावर इंग्रजी शब्द आणि पुस्तिकेतला शब्द यांची जोडणी द्या. तिथेच ‘पूर्वप्रतिबलन’, ‘प्रसरण सांधा’ हेही येऊ द्या, कारण शासकीय पत्रांत ते भेटतात.

छापण्याआधी एक चाचणी जरूर घ्या. दोन मैलकुली आणि एक मुकादम यांना पुलाखाली न्या, एकेक वाक्य वाचायला द्या आणि काठीनं तो भाग दाखवायला सांगा. अर्थ विचारू नका, दाखवायलाच सांगा. तिघांची काठी एकाच जागी गेली तर वाक्य ठेवा, नाहीतर तिथेच त्यांचा शब्द विचारून घ्या. जुन्या वह्यांतल्या ‘आधाराला भेग’सारख्या नोंदी नव्या तक्त्यात उतरवताना मात्र अंदाजानं पिअर किंवा पॅड लिहू नका. मूळ शब्द तसाच उतरवा, समोर ‘भाग निश्चित नाही’ लिहा आणि त्या पुलाची पाहणी यादीत वर घ्या.